नाचणीचे पापड कच्च्या मालाच्या दुपटीहून जास्त भावाने विकले, तरी हातात एवढंच का उरलं?

देवरुखची_सून

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचा दहा जणींचा बचत गट आहे. मी सचिव, त्यामुळे वही माझ्याकडे असते. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदाच विकण्यासाठी नाचणीचे पापड केले. भाव काढताना गटात सगळ्यांना ठाऊक असलेला नियम धरला, कच्च्या मालाच्या दुप्पट.

एका घाण्याला १० किलो नाचणी. नाचणी ५० रुपये किलोने ५००, दळणाचे ८०, आणि मीठ, पापडखार, जिरं, तीळ, हिंग, तिखट, हाताला लावायला तेल मिळून २२०. म्हणजे ८०० रुपयांचा माल. त्यातून २०० ग्रॅमची ४६ पाकिटं होतात. पाकिटामागे साडेसतरा रुपये पडले, दुप्पट केले तर पस्तीस, वर पाच घालून ४० रुपये भाव ठेवला.

असे दहा घाणे केले, ४६० पाकिटं. तालुक्याच्या ठिकाणी पाच दिवस स्टॉल लावला आणि ओळखीपाळखीतही दिली. ३९१ पाकिटं विकली गेली. उरलेल्या ६९ पैकी ४५ गटातल्या बायकांनी २० रुपयांनी घरी नेली. २४ पाकिटांना बुरशी आली, ती टाकून दिली.

एकूण जमा १६,५४० रुपये. खर्च असा: माल ८,०००, गॅस ८००, पिशव्या-लेबलं-खोकी २,७६०, स्टॉलसाठी टेम्पो आणि येणं-जाणं १,५००. शिल्लक ३,४८०. दहा जणींना प्रत्येकी ३४८ रुपये आले.

बायका विचारताहेत की दुपटीने विकलं तर आठ हजार तरी सुटायला हवे होते. खर्चाचे आकडे मी पुन्हा पुन्हा तपासले, बरोबर आहेत. पुढच्या वर्षी भाव काय ठेवायचा? आमच्या शेजारच्या स्टॉलवर असेच पापड ५० ला होते, म्हणून वाढवायची भीती वाटते.

मिरजकर_प्रसाद

ताई, नियम बरोबर आहे, तुमचा माल उरला हीच अडचण झाली. माझी आई मिरजेत गटातर्फे कैरीचं लोणचं करते. सात वर्षं दुपटीनेच भाव लावतात आणि कधी तोटा नाही. न विकल्या जाणाऱ्या मालासाठी भावात शेकडा १५ वाढवा. ४० चे ४६ करा. काम झालं.

नागलीप्रेमी

नाचणीच्या पापडाला बुरशी येते ती उकड नीट न शिजल्यामुळे. आमच्याकडे नाशिकला पीठ ताकात भिजवून मग उकड काढतात, पापड हलका होतो आणि तळल्यावर काळपटही दिसत नाही. पाण्याचं प्रमाण तुम्ही किती घेता?

देवरुखची_सून

@नागलीप्रेमी, पिठाच्या सव्वापट पाणी. पण पापड चांगले झाले होते, फुलतात, चवही आहे. प्रश्न भावाचा आहे. बुरशी शेवटच्या दोन घाण्यांनाच आली, त्याबद्दल वेगळं विचारायचंच आहे.

जुनी_सीआरपी

ताई, उमेद या सरकारी अभियानात बचत गटांबरोबर काम करत असताना अशा बऱ्याच वह्या पाहिल्या. तुमची वही स्वच्छ आहे, पण तिच्यात एक रकाना नाही, तासांचा. आठवून लिहा: एका घाण्याला निवडण्यापासून पाकीट बंद करण्यापर्यंत कोणत्या कामाला किती जणी आणि किती वेळ? स्टॉलवर किती जणी बसत होत्या तेही सांगा.

@प्रसाद, तुमच्या आईंच्या लोणच्याचे आकडे मिळाले तर फार उपयोग होईल. दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

देवरुखची_सून

बसून आठवलं, दोघींना विचारूनही घेतलं.

नाचणी पाखडून निवडायला दोन तास. गिरणीत जाऊन येऊन एक तास. उकड काढून गरम असतानाच मळून गोळे करायला दोघींना तीन-तीन तास, म्हणजे सहा. आमच्याकडे हाताने दाबायचं एकच यंत्र आहे. एक दाबते, दुसरी प्लास्टिकवरून सोडवून पसरते. एका घाण्याचे हजार-अकराशे पापड होतात, दोघींचे सहा-सहा तास जातात, म्हणजे बारा. वाळवण उलटणं, कावळ्यांवर लक्ष ठेवणं, संध्याकाळी उचलून सकाळी परत मांडणं, दोन दिवसांत मिळून अडीच तास धरा. मोजून भरणं, सील करणं, लेबल लावणं अडीच तास. झाले २६.

स्टॉलवर पाच दिवस रोज दोघी, आठ तास.

मिरजकर_प्रसाद

आईला फोन करून विचारलं. १० किलो कैरी ४०० ची. कोय काढून फोडी सात किलो भरतात. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, मीठ मिळून सव्वासहाशे. तेल ३७५. एकूण चौदाशे रुपये धरा. लोणचं ११ किलो होतं, अर्ध्या किलोच्या २२ बाटल्या. काचेची बाटली झाकण-लेबलासह २० रुपयांना पडते. कैरी धुणं, पुसणं, फोडणं, मसाला भाजणं, कालवणं, भरणं मिळून एका बाईचे साधारण साडेदहा तास.

जुनी_सीआरपी

आता दोन्हींकडे बघा.

तासाला ४० रुपये धरू या. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती, आठ तासांनी भागली तर ३९ येतात. त्यापेक्षा कमी धरायचं काही कारण नाही.

लोणच्यात माल १,४०० चा आणि मेहनत ४२० ची. बाटल्या ४४० आणि गॅसचे थोडे. एकूण २,२८० च्या आसपास, एका बाटलीला १०४. दुपटीचा नियम लावला तर भाव येतो १२७. म्हणजे मजुरी, बाटली सगळं निघून वर २३ रुपये राहतात. प्रसाद, तुमच्या आईंना तोटा का होत नाही ते यात आहे. तेल, मसाला, कैरी महाग आणि काम त्या मानाने थोडं.

नाचणीच्या पापडात उलट आहे. माल ८०० चा, मेहनत २६ तासांची म्हणजे १,०४० ची. माल स्वस्त असला की त्याची दुप्पटही लहानच येते, आणि त्या लहान आकड्यात २६ तास, गॅस आणि पिशव्या बसवायच्या. ते बसत नाहीत. पिशवी-लेबलाचे २७६ आणि गॅसचे ८० धरून एका घाण्याची घरातली किंमत २,१९६ होते. ४६ ने भागली की पावणेअठ्ठेचाळीस रुपये. तुमचं पाकीट स्टॉलपर्यंत पोचायच्या आधीच ४० च्या वर गेलं होतं.

देवरुखच्या ताई, तुमचे आठ हजार कुणी नेले नाहीत. बनवायचे २६० तास आणि स्टॉलचे ८०, एकूण ३४० तासांना ३,४८० रुपये मिळाले. तासाला सव्वादहा.

तात्या_लांजा

मला हे पटत नाही. घरच्या बायका, दुपारचा वेळ मोकळा होता, चार जणी बसून पापड केले. कुणाला रोख रोज द्यावा लागला का? खिशातून न गेलेला पैसा खर्चात कसा धरता? असे आकडे फुगवलेत तर पापड सत्तरला जाईल आणि गिऱ्हाईक यंत्रावरचा चाळीसचा घेईल. मग ना मजुरी ना विक्री.

देवरुखची_सून

तात्या, वेळ मोकळा नव्हता. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे आंब्याचा आणि काजूचा हंगाम. गटातल्या दोघी काजू सोलायला जातात, पापडाच्या दिवसांत त्यांनी तिकडची मजुरी सोडली. आणखी एक जण बागेत आंबा भरायला जाते, तिचंही तसंच. तासाला दहा रुपये कळल्यावर काल त्या तिघी म्हणाल्या, पुढच्या वर्षी आम्हाला धरू नका. मला गट टिकवायचा आहे, म्हणून मी हे विचारते आहे.

तात्या_लांजा

हंगामात मजुरी बुडत असेल तर धरा, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण माघात, भात झोडून झालेलं आणि काजू अजून यायचा असतो, तेव्हा केले तर? तेव्हा गावात कुणाला दुसरं काम नसतं. तेव्हाही ४० च धरणार?

जुनी_सीआरपी

तात्या, हा प्रश्न खरा आहे आणि याला एक उत्तर नाही. मी तरीही धरते. कारण एकदा भाव खाली ठेवलात की हंगामात काम करणाऱ्या बाईलाही तोच भाव मिळतो, दोन भाव चालत नाहीत. पण कामं माघात सरकवावीत हे तुमचं बरोबर आहे. हवा कोरडी असते, पापड लवकर वाळतो. काही गट रिकाम्या महिन्यात तासाला ३० धरतात. ते गटाने बसून ठरवायचं. शून्य मात्र धरू नका.

खान्देशी_सून

आमच्याकडे जळगावला उडदाचे पापड. आम्ही तास लिहीत नाही, किलोवर लाटणावळ देतो. पीठ मळून गोळ्या वजन करून द्यायच्या, बाईने घरी लाटून वाळवून आणायच्या, पुन्हा वजन करायचं आणि किलोप्रमाणे पैसे. लिज्जतमध्येही बहिणींना वणाई किलोवरच मिळते. हिशेब सोपा होतो आणि कोण किती वेळ बसलं यावरून भांडण होत नाही. तुम्ही पण तेच करा ना.

देवरुखची_सून

ताई, दाबणं-पसरणं दोघींचं काम आहे, एकीच्या नावावर किलो कसे लावायचे? आणि आमच्यात एक आजी आहेत, त्यांचा हात मंद आहे पण उकड त्यांच्याशिवाय जमत नाही. किलोवर दिलं तर त्यांना काहीच मिळणार नाही.

खान्देशी_सून

उकडीचं वेगळं ठरवा, घाण्यामागे इतके. दाबायचं जोडीला किलोमागे द्या आणि त्यांनी अर्धं-अर्धं करावं. बारा तासांचे ४८० होतात तर किलोला साधारण ५० पडले. एक लक्षात ठेवा, किलोवर पैसे द्यायला लागलात की पापड जाड होतात. जाड पापडात वजन लवकर भरतं. आम्ही दर वेळी दहा पापड एकदम काट्यावर ठेवून बघतो. उडदाचे असे दहा ठरल्यापेक्षा जास्त भरले तर त्या दिवशीचा माल वेगळा काढतो.

जुनी_सीआरपी

दोन्ही रीती चालतात. पहिल्या वर्षी तास लिहा, म्हणजे किलोचा दर कशावरून काढला ते सगळ्यांना दिसेल. नंतर किलोवर जा.

आता न विकलेल्या मालाबद्दल, कारण प्रसाद म्हणाले तसे शेकडा १५ वाढवून भागत नाही. भागाकार करायचा तो केलेल्या पाकिटांनी नाही, विकलेल्या पाकिटांनी. ४६० पाकिटांचा सगळा खर्च ३९१ पाकिटांनाच उचलायचा आहे, बाकीची पाकिटं फारसं काही देत नाहीत.

दहा घाण्यांचे २१,९६०. स्टॉलसाठी टेम्पो आणि येणं-जाणं १,५००. स्टॉलवर बसलेल्या दोघींचे ८० तास, म्हणजे ३,२००. झाले २६,६६०. घरी नेलेल्या पाकिटांचे ९०० आले ते वजा करा, २५,७६०. भागिले ३९१. एका पाकिटाला ६६ रुपये. यात नफा नाही, फक्त प्रत्येकीला तासाला ४० मिळतात. यंत्राची झीज आणि पुढच्या हंगामाच्या नाचणीसाठी चार रुपये तरी ठेवा. ७० झाले.

मिरजकर_प्रसाद

पण १५ टक्के वाढवलं काय आणि ८५ ने भागलं काय, फरक किरकोळच येतो ना?

जुनी_सीआरपी

१५ ला रुपया-दीड रुपयाचा येतो. पण तीस टक्के माल उरला असं धरा. पावणेअठ्ठेचाळीसात ३० टक्के वाढवले तर ६२ येतात, ०.७० ने भागले तर ६८. एका पाकिटाला सहा रुपये कमी लावलेले राहतात. पहिल्याच वर्षी गटांचा तीस टक्के माल उरणं नवीन नाही.

देवरुखची_सून

६६ ऐकून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एकीने विचारलं, चुलीवर केलं तर गॅसचे ८० वाचतील ना? सरपण आमच्याकडे फुकट आहे.

जुनी_सीआरपी

एक भारा आणायला किती वेळ जातो? दोन तास जात असतील तर ते ८० च झाले, शिवाय धूर आणि चुलीपाशी एक जण अडकून पडते. सरपण परड्यातच पडलेलं असेल तर जरूर वापरा.

गॅसचे ८० तुम्ही कसे काढले? अंदाजाने असेल तर एकदा मोजा. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, पण त्याचीही गरज नाही. उकड सुरू करण्याआधी सिलिंडर काट्यावर ठेवा, झाल्यावर पुन्हा ठेवा. जितकं वजन घटलं तितका गॅस गेला. बहुतेक गटांचा अंदाज इथे निम्म्याने चुकतो, कारण त्याच सिलिंडरवर घरचा चहाही होतो.

देवरुखची_सून

आम्ही मोजलं होतं, आजींच्या नातवाने मासळीचा काटा आणला होता. एका घाण्याला पाऊण किलोच्या वर थोडा गेला. व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने ८० येतात.

कोथरूडचा_किराणा

मी दुकानदार आहे, बचत गटांचा माल ठेवतो. नाचणीचे हाताचे पापड २०० ग्रॅमला पुण्यात ८०-९० ला जातात, त्यामुळे ७० ला घाबरू नका. पण दोन गोष्टी सांगतो.

दुकानदार त्याचा हिस्सा छापील किमतीवर मोजतो. मी २० टक्के घेतो. ७० छापलंत तर १४ माझे, तुम्हाला ५६ येतील. गट येतात आणि म्हणतात, आमची किंमत ५६, त्यावर २० टक्के चढवून ६७ छापतो. मग मी २० टक्के कापले की त्यांना साडेत्रेपन्न मिळतात आणि ते रागावतात. मागे जाऊन हिशेब करा: तुम्हाला जे हातात हवं ते ८० ने भागा आणि १०० ने गुणा.

दुसरं वजनाचं. बायकांचा हात सैल असतो. एका गटाची पाकिटं मी काट्यावर ठेवली तर बरीचशी २१० च्या पुढे होती. कमी भरलं तर वजनमापवाले धरतील, त्यामुळे जास्तच भरतात. पण दहा ग्रॅम म्हणजे दर वीस पाकिटांमागे एक फुकट दिलं.

देवरुखची_सून

दादा, घरात एक पाकीट होतं, लगेच फोडून मोजलं. पिशवी सोडून २०९ ग्रॅम. बाकीच्यांकडची तीन मोजली, २०७ ते २११. म्हणजे एका घाण्यात ४६ नाही, ४८ पाकिटं झाली असती. दहा घाण्यांत वीस पाकिटं. बुरशीत गेली जवळजवळ तेवढीच!

जुनी_सीआरपी

हे सापडलं ते फार चांगलं झालं. भरताना काटा पिशवीसकट शून्यावर आणा आणि २०१-२०२ वर थांबा. शेवटचा पापड मोडून तुकडा घालायला लाजू नका.

दुकानाचा हिशेब वेगळा येतो. स्टॉलवर बसायचे तास नाहीत, टेम्पो नाही. २१,९६० भागिले ३९१, म्हणजे ५६. पुण्याला पाठवायचे पाकिटामागे दोन-तीन रुपये धरले तर ५९. वर पाच ठेवायचे तर तुम्हाला ६४ हवेत, ६४ भागिले ०.८० म्हणजे छापील ८०. लेबलावरची किंमत एकदा छापली की तिच्या वर विकता येत नाही, खाली येतं. म्हणून लेबल ८० चं छापा, स्टॉलवर ७५ ला द्या. ७५ मध्ये पाकिटामागे नऊ सुटतात. पापडावर जीएसटी नाही, ती काळजी नको.

कोथरूडचा_किराणा

स्टॉल देवरुखात असेल तर माझी हरकत नाही. पण पुण्यातल्या प्रदर्शनात ७५ ला विकाल आणि माझ्याकडे ८० असेल, तर माझं गिऱ्हाईक मला विचारेल. काही दुकानदार त्यावरून माल परत करतात. आणि परत आलेला माल तुमच्याच खात्यात उरलेला धरा, मी सहा महिन्यांनंतरचं पाकीट ठेवत नाही.

मिरजकर_प्रसाद

मग १०० ग्रॅमचं छोटं पाकीट ४० ला का नाही? गिऱ्हाइकाला ४० चा आकडा ओळखीचा आहे.

जुनी_सीआरपी

४० ला चालेल, पण स्टॉलवर ७५ चं निम्मं म्हणून ३७-३८ लावू नका. पापडाची किंमत निम्मी होते, पिशवी, लेबल आणि भरायची मेहनत निम्मी होत नाही. २०० ग्रॅममध्ये पिशवी आणि भरण्याचे मिळून आठ रुपये, १०० ग्रॅममध्ये साडेसात. घरातली किंमत २७ पडते, त्यात उरलेला माल आणि स्टॉल धरले की ४० ला जवळजवळ काहीच सुटत नाही. चव बघायला म्हणून थोडी ठेवा, सगळा माल त्यात भरू नका.

देवरुखची_सून

आता बुरशीबद्दल. शेवटचे दोन घाणे मेच्या अखेरीला केले. एक दिवस ऊन होतं, दुसऱ्या दिवशी ढग. पापड हाताला कोरडे लागत होते म्हणून त्याच संध्याकाळी भरले. पंधरा-वीस दिवसांत पिशवीच्या आत कडेला पांढरे ठिपके आले. पहिल्या आठ घाण्यांतलं एकही पाकीट खराब झालं नाही.

खान्देशी_सून

हाताला कोरडा लागणं म्हणजे वाळणं नाही, मधे ओल राहते. मोडून बघा, कटकन तुटला पाहिजे. आधी वाकला आणि मग तुटला तर अजून कच्चा आहे.

जुनी_सीआरपी

त्याहून खात्रीचं म्हणजे वजन. एक किलो पापड मोजून वेगळ्या सुपात ठेवा, पूर्ण एक दिवस उन्हात घाला आणि परत मोजा. ९८० च्या खाली आले तर सगळा माल अजून वाळवायचा आहे. वजन बदलेनासं झालं की भरा. आणि उन्हातून उचललेले गरम पापड लगेच पिशवीत घालू नका. आत घाम धरतो. रात्रभर डब्यात गार होऊ द्या, सकाळी भरा.

खराब होतोय असं वाटलं तर पिशव्या फोडून परत वाळवू म्हणतात गट. ते एकदा मोजून पाहा. पिशवी, लेबल आणि भरण्याची मेहनत दुसऱ्यांदा, पाकिटाला आठ रुपये, आणि बुरशी एकदा दिसली असेल तर तो माल विकायचाच नाही.

उरलेल्या मालाचा भावावर किती भार पडतो तेही दाखवते. तुमची ६९ ऐवजी २५ च पाकिटं उरली असती, तर ६६ चे ६१ झाले असते. एवढाच फरक पाडायला प्रत्येक घाण्यातले पाच-सहा तास वाचवावे लागतील, ते जास्त कठीण आहे. म्हणून पहिले सहा घाणे करा, किती जातात ते बघा, ऑर्डर घ्या, मग पुढचे. मृग जवळ आल्यावर नवा घाणा लावू नका.

तात्या_लांजा

मोडके पापड काय करता? दहा किलोत शेर-दीड शेर चुरा होतोच.

देवरुखची_सून

चुरा आम्ही पाकिटात धरलेलाच नाही, तो घरी वाटून घेतो. घाण्याला अर्धा-पाऊण किलो होतो.

तात्या_लांजा

लांज्याला एक खाणावळवाला मसाला पापडासाठी तुकडे किलोवर घेतो. माझ्या भावजयीचा गट त्याला देतो. भाव अर्धा मिळतो, पण मिळतो. विचारून बघा देवरुखात.

देवरुखची_सून

विचारते तात्या.

ती ४५ पाकिटं आम्ही २० ला घरी नेली, त्यावरूनही गटात वाद आहे. काही जणी म्हणतात आम्हीच केलेले, आम्ही का पैसे द्यायचे. काही म्हणतात, घरी न्यायला स्वस्त मिळतात म्हणून शेवटी विकायचा जोर कमी होतो. यावर तुमच्याकडे काय करतात?

खान्देशी_सून

आमच्याकडे मालाच्या आणि पिशवीच्या किमतीला, मेहनत न धरता. तुमच्या हिशेबात साडेतेवीस रुपये पडतील. फुकट कधीच नाही.

जुनी_सीआरपी

माझी रीत थोडी वेगळी. सभासदाला वर्षात दोन पाकिटं मालाच्या किमतीला, त्यापुढे दुकानाला देतो त्या भावाने. पण हे मी गटांना सुचवते तेव्हा निम्मे गट ऐकत नाहीत, आणि त्यांचे गट काही मोडलेले नाहीत. तुमच्या बैठकीत ठरू द्या.

देवरुखची_सून

सध्या एवढं ठरलंय. लेबल ८० चं छापायचं, देवरुखच्या स्टॉलवर ७५. पहिले सहा घाणे माघात. वहीत तासांचा रकाना आजपासून. त्या तिघींपैकी दोघी परत यायला तयार आहेत, एक म्हणते ४० रुपये हातात पडलेले दिसू देत मग बघू. सभासदांच्या पाकिटांचं आणि किलोवर द्यायचं की तासावर, ते पुढच्या शुक्रवारी. @कोथरूडचा_किराणा दादा, नमुन्याला दहा पाकिटं पाठवली तर ठेवाल का?

कोथरूडचा_किराणा

पाठवा. पॅक केल्याची तारीख ठळक छापा आणि वजन २०० च भरा.